एन-फोरच्या पुढचा सपाट रस्ता

जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा १९८४ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या चारच पायऱ्या होत्या. सर्वांत सोपी चौथी, मग तिसरी, दुसरी आणि शेवटी पहिली. तिसरी पायरी ओलांडायला साधारण १५०० शब्द आणि ३०० कांजी, म्हणजे चित्राक्षरं, लागत. त्याच्या वरच्या पायरीला लागत सुमारे ६००० शब्द आणि १००० कांजी. शब्द एकदम चौपट. तिसरी पास झालेली मंडळी दुसरीच्या तयारीला लागत आणि वर्ष-दोन वर्षं हातात दाखवण्यासारखं काहीच येत नसे. अखेर २०१० साली परीक्षेची फेरमांडणी झाली, तेव्हा या दोहोंच्या मधोमध एक नवी पायरी घालण्यात आली. तीच आजची एन-थ्री. खालची जुनी तिसरी आता एन-फोर झाली आणि वरची दुसरी एन-टू.

म्हणजे पहिल्या वर्षानंतर जिथे विद्यार्थी अडतात, ती जागा परीक्षा घेणाऱ्यांनाही दिसली होती. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे, परीक्षेचं केंद्रही तिथे आहे, आणि ‘एन-फोर झाली, पण आता काही पुढे सरकत नाही’ हे वाक्य तिथल्या कुठल्याही वर्गाबाहेर ऐकायला मिळतं. जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकणारेही हेच सांगतात. पण जपानीत ते जास्त टोचतं, आणि मराठी माणसाला तर अधिकच. कारण त्याचं पहिलं वर्ष फार सुखात गेलेलं असतं.

जपानी वाक्याची ठेवण मराठीसारखी आहे. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, आणि विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणं, ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणं, ‘कात्ते ओकु’ म्हणजे विकत घेऊन ठेवणं. इंग्रजी मातृभाषेच्या विद्यार्थ्याला जे महिनोन्महिने घोकावं लागतं, ते आपल्याला एका तासात उमगतं. ‘मिन्ना नो निहोंगो’ या पाठ्यपुस्तकाचे पन्नास धडे संपेपर्यंत व्याकरणाचा हा वारसा आपल्याला पुढे ढकलत राहतो. पन्नासाव्या धड्यानंतर मात्र काम व्याकरणाचं कमी आणि शब्दांचं जास्त उरतं, आणि शब्दांच्या बाबतीत मराठीचा काडीचाही उपयोग नसतो.

प्रगती खरोखर थांबते का? थांबत नाही. ती विरळ होते. याचं कारण शब्दांच्या वापराच्या गणितात आहे, आणि ते एकदा समजलं की काय करायचं तेही बरंचसं कळतं.

कुठल्याही भाषेत थोडे शब्द अतोनात वापरले जातात आणि बाकीचे क्वचित. अमेरिकन भाषाभ्यासक जॉर्ज झिफ यांच्या नावाने ओळखला जाणारा एक ढोबळ नियम सांगतो, की वापराच्या यादीत शब्द जितका खाली, तितक्याच पटीने तो कमी भेटतो. त्या नियमाने अंदाज बांधला तर शंभराव्या क्रमांकाचा शब्द दर हजार शब्दांत एकदा येतो, आणि तीन हजाराव्या क्रमांकाचा शब्द तीस हजारांत एकदा. आता असा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा, जो रोज दोन छोट्या बातम्या वाचतो. त्यांत मिळून तीनशे शब्द असतात असं धरू. पहिल्या वर्षात शिकलेला शब्द त्याला तीन-चार दिवसांत पुन्हा भेटत होता. आज शिकलेला तीन हजाराव्या क्रमांकाचा शब्द त्याला शंभर दिवसांनी भेटेल. तोपर्यंत तो विसरलेला असणार, आणि विसरला नसला तरी तो शिकल्याचा फायदा शंभर दिवसांत एकदाच जाणवणार.

पहिल्या वर्षाचं चित्र याच्या नेमकं उलट होतं. तेव्हा साडेसातशे नवे शब्द म्हणजे शब्दसंग्रह दुप्पट, आणि तेही सतत कानावर पडणारे शब्द. आता तेवढ्याच मेहनतीने तेवढेच शब्द मिळवले, तरी ते आधीच्या दीड हजारांत मिसळून जातात आणि रोजच्या वाचनात त्यांचा मागमूस लागत नाही. विद्यार्थ्याला वाटतं, आपली बुद्धी थकली किंवा मेहनत कमी पडली. मला वाटतं, या टप्प्यावर वर्ग सोडणाऱ्या अनेकांना कुणीतरी एवढा हिशेब मांडून दाखवला असता, तर त्यांतले काही टिकले असते.

या गणितावर दोन तोडगे निघतात. एक, वाचनाचं प्रमाण वाढवणं. रोज तीन हजार शब्द वाचले, तर तोच शब्द दहा दिवसांनी भेटतो. दुसरा, वाचनाचं क्षेत्र लहान करणं. एकाच विषयावरचे मजकूर सलग वाचले, तर त्या विषयाचे शब्द झिफच्या सरासरीने येत नाहीत, पानोपानी येतात. अमेरिकन भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच अशा अरुंद वाचनाचा आग्रह धरला होता. मध्यम पातळीवरच्या माणसाला एकच उपाय सांगायचा झाला, तर मी हाच सांगेन. यातला शब्द दोन दिवसांत पुन्हा भेटतो, आणि पहिल्या वर्षात होती तशी ओळख पटल्याची खूण परत मिळू लागते.

पण वाचायचं काय, इथे बहुतेक जण चुकतात. पाठ्यपुस्तक मिटलं की थेट कादंबरी, वर्तमानपत्र किंवा आवडत्या लेखकाचं पुस्तक हाती घेतलं जातं. न्यूझीलंडमधले शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी सहकाऱ्यासोबत २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी शिकणाऱ्यांना त्यांनी अशा गोष्टी वाचायला दिल्या, ज्यांत अनोळखी शब्दांचं प्रमाण मुद्दाम वेगवेगळं ठेवलं होतं. शंभरातले वीस शब्द अनोळखी असताना कुणालाच गोष्ट पुरेशी कळली नाही. दहा-पाच अनोळखी असतानाही मोजक्यांनाच कळली. कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द माहीत हवेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आकडा इंग्रजीचा आहे, पण पारख म्हणून जपानीलाही चालतो.

म्हणून कुठलाही मजकूर निवडताना आधी शंभर शब्द मोजावेत आणि अनोळखी शब्दांखाली रेघ मारावी. दोन किंवा त्याहून कमी रेघा आल्या, तर तो मजकूर भरपूर आणि भराभर वाचण्यासाठी योग्य आहे. तीन ते पाच आल्या, तर शब्दकोश घेऊन सावकाश अभ्यासावा, रोज थोडासाच. त्याहून जास्त आल्या, तर तो सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवावा, मग तो कितीही प्रिय असो. एन-फोर झालेल्याला पहिल्या गटातलं साहित्य म्हणजे ‘ताडोकु’ची, म्हणजे भरपूर वाचनासाठी पातळीनुसार लिहिलेली, छोटी पुस्तकं. ती खूप सोपी वाटतात आणि म्हणूनच टाळली जातात. दुसऱ्या गटात बसतात एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या. त्यांत कांजीच्या माथ्यावर बारीक अक्षरांत उच्चार दिलेला असतो आणि बातमी ऐकताही येते.

आता एक उदाहरण तपशिलाने घेऊ. समजा एका विद्यार्थिनीने डिसेंबरमध्ये एन-फोर पास केली आहे, ती नोकरी करते आणि आठवड्याला सहा तास देऊ शकते. पुढचे तीन महिने ती एकच विषय धरते, वादळ आणि भूकंपाच्या बातम्या. जपानमध्ये या बातम्यांना तोटा नाही, आणि त्यांची भाषा ठरावीक साच्याची असते. चक्रीवादळ म्हणजे तायफू. सुरक्षित जागी हलणं म्हणजे हिनान. नुकसान म्हणजे हिगाई. आपत्ती म्हणजे साईगाई. धोक्याचा इशारा म्हणजे केइहो. वीज जाणं म्हणजे तेइदेन. दुसऱ्याच आठवड्यात हे शब्द दर बातमीत भेटू लागतात.

इथे शब्द नुसते पाठ करण्यापेक्षा फोडून बघणं महत्त्वाचं ठरतं. पहिल्या वर्षातले शब्द बहुतेक घरगुती जपानीचे असतात. पुढचे असतात दोन कांजी जोडून बनलेले, चिनीतून आलेले. आपल्याकडे घर-अंगणातल्या मराठीवरून अग्रलेखातल्या तत्सम मराठीकडे जावं लागतं, तसाच हा प्रवास आहे. तेइदेन घ्या. त्यातलं ‘तेइ’ म्हणजे थांबणं, आणि ते तिला पहिल्या वर्षातल्या ‘बासुतेइ’पासून, म्हणजे बसच्या थांब्यापासून, माहीत आहे. ‘देन’ म्हणजे वीज, आणि ती ‘देन्शा’त, विजेवर चालणाऱ्या रेल्वेत, भेटलेली आहे. म्हणजे हा शब्द नवा असूनही त्याचे दोन्ही तुकडे जुने आहेत. हिगाई आणि साईगाई या दोन्हींमधलं ‘गाई’ एकच, अपाय या अर्थाचं. ते चिन्ह एकदा डोळ्यांत बसलं, की ‘कोगाई’ म्हणजे प्रदूषणासारखा सार्वजनिक अपाय आणि ‘सोन्गाई’ म्हणजे हानी, हे शब्द अर्धे कळलेलेच असतात.

याची मर्यादाही याच विषयात दिसते. हिनानमधला ‘हि’ आणि हिगाईमधला ‘हि’ कानाला सारखे असले, तरी चिन्हं वेगळी आणि अर्थही वेगळे. पहिला टाळण्याचा, दुसरा सोसण्याचा. जपानीत असे सारख्या उच्चारांचे तुकडे ढीगभर आहेत. ‘किकान’ हा उच्चार मुदतीसाठीही येतो आणि संस्थेसाठीही. त्यामुळे जो विद्यार्थी कांजी टाळून केवळ उच्चारांवर शब्दसंग्रह वाढवू बघतो, त्याचे शब्द या टप्प्यावर एकमेकांत गुंतायला लागतात. तीन महिने मेहनत करूनही शब्द सारखे एकमेकांच्या जागी येत असतील, तर कारण बहुधा हेच असतं. तुकडा चिन्हासकट शिकायचा आणि त्याला दोन-तीन ओळखीच्या शब्दांशी बांधून ठेवायचं, एवढाच त्यावर उतारा आहे.

ऐकण्याची अडचण वेगळी असते, आणि ती शब्दसंग्रहाच्या अडचणीपासून आधी वेगळी करून घ्यावी लागते. बातमीचा अर्धा-एक मिनिटाचा तुकडा ऐकावा, कळलं तेवढं लिहावं, आणि मग तोच मजकूर वाचावा. वाचूनही कळत नसेल, तर प्रश्न शब्दांचा आहे. कान तासण्यात वेळ घालवू नये. वाचल्यावर लख्ख कळलं आणि ऐकताना कळलं नव्हतं, तर प्रश्न कानाचा आहे. मग तोच तुकडा आठवडाभर रोज ऐकायचा आणि बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, अर्ध्या शब्दाच्या अंतराने, मोठ्याने म्हणायचा. जपानी वर्गांत याला शॅडोइंग म्हणतात.

बातम्यांच्या बाहेर पडलं की कानाची आणखी एक पंचाईत होते. पाठ्यपुस्तकातली जपानी सभ्य आणि पूर्ण असते. घरात आणि मित्रांत ती आक्रसते. ‘ताबेते शिमात्ता’, म्हणजे खाऊन टाकलं, याचं ‘ताबेचात्ता’ होतं. ‘कात्ते ओकु’चं ‘कात्तोकु’ होतं. ‘इकानाकेरेबा नारानाई’, म्हणजे जायला हवं, याचं ‘इकानाक्या’ एवढंच उरतं. पन्नास धडे पक्के असलेला विद्यार्थी जपानी चित्रपट लावतो आणि त्याला काहीच ओळखू येत नाही, तेव्हा अनेकदा शब्द माहीत असतात, हे आक्रसलेलं रूप माहीत नसतं. या रूपांची संख्या फार नाही. दोन-तीन आठवडे मन लावून केलं तर हा अडसर बराच दूर होतो, आणि इतक्या थोड्या वेळात इतका फरक पडावा असं या टप्प्यावर दुसरं फार काही नसतं.

बोलण्याचं मात्र तसं नाही. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नसते आणि निबंधही नसतो. त्यामुळे एन-थ्री, अगदी एन-टूसुद्धा, पास होऊनही माणूस पहिल्या वर्षाच्याच वाक्यांत बोलत राहू शकतो. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या शाळांत इंग्रजी घरांतली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकत आणि वाचत होती. त्यांना उत्तम समजत होतं, तरी बोलताना आणि लिहिताना व्याकरणाच्या चुका तशाच राहत होत्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली यावरून मांडलं, की समजून घेण्याचा सराव बोलण्याची जागा घेत नाही. बोलायला भाग पाडलं जातं तेव्हाच आपल्याला काय येत नाही ते कळतं.

चुका मोजूनही हे कळेलच असं नाही. १९७४ साली जॅकलिन शॅक्टर या संशोधिकेने इंग्रजी शिकणाऱ्यांचं लेखन तपासलं. चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या ‘जो-तो’ धर्तीच्या जोडवाक्यांत चुका कमी आढळल्या. कारण ते अशी वाक्यं फारच कमी लिहीत होते. मध्यम पातळीवर आपणही हेच करतो. अवघड रूप बाजूला ठेवून ‘...तो ओमोइमास’, म्हणजे असं मला वाटतं, या एका शेपटावर सगळं बोलणं तोलून धरतो. समोरच्याला समजतं, चूक होत नाही, आणि भाषा तिथेच थांबते.

आपल्या विद्यार्थिनीला हे पकडता येईल. वादळाच्या एखाद्या वाचलेल्या बातमीवर तिने न बघता चार मिनिटं बोलावं आणि फोनवर ध्वनिमुद्रण करावं. मग तेच तीन मिनिटांत सांगावं आणि शेवटी दोन मिनिटांत. ही चार-तीन-दोनची रीत भाषाशिक्षकांत जुनी आहे. आशय तोच असल्याने दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मन शब्द शोधण्यातून मोकळं होतं आणि अडखळणं कमी होतं. पण वेग वाढला तरी चूक चूकच राहते, उलट घट्ट होते. म्हणून पहिलं मुद्रण ऐकून ते शब्दशः उतरवून काढावं आणि मूळ बातमीशेजारी ठेवावं. काय चुकलं याआधी काय आलंच नाही हे बघावं.

बहुतेकदा सापडतात क्रियापदांच्या जोड्या. ‘ताओरेता’ म्हणजे पडलं आणि ‘ताओशिता’ म्हणजे पाडलं. ‘वारेता’ म्हणजे फुटलं, ‘वात्ता’ म्हणजे फोडलं. ‘तोमात्ता’ म्हणजे थांबलं, ‘तोमेता’ म्हणजे थांबवलं. या जोड्या मराठीत जशाच्या तशा आहेत, त्यामुळे आपली समज पक्की असते. तरीही बोलताना ‘वादळाने खिडकी फोडली’ या धर्तीचं जपानी वाक्य तोंडून निघतं. जपानी माणूस म्हणेल ‘तायफू दे मादो गा वारेता’, आणि आपणही मराठीत म्हणतो ‘वादळात खिडकी फुटली’. मग चूक का होते? माझ्या मते अनेक वर्गांत जपानीचं स्पष्टीकरण इंग्रजीतून मिळतं, टिपणंही इंग्रजीत असतात, आणि मनात वाक्य आधी इंग्रजीत जुळतं. या टप्प्यावर मधलं इंग्रजी काढून मराठीवरून थेट जपानीकडे जाण्याचा सराव आपल्याला हमखास फळ देतो. अशा दहा जोड्या निवडाव्यात, पुढच्या आठवड्याच्या कथनात त्यांतल्या किमान चार यायलाच हव्यात असं ठरवावं आणि कुणा शिक्षकाकडून तेवढ्याच तपासून घ्याव्यात. एकाच वेळी सगळं दुरुस्त करायला निघालेला माणूस बोलेनासा होतो.

प्रगती मोजायची पट्टीही बदलावी लागते. धडे संपल्याची खूण आता मिळणार नाही, आणि परीक्षा तर सहा महिन्यांनी. दर सहा आठवड्यांनी तीन गोष्टी नोंदवाव्यात. त्याच विषयावरच्या, पण न वाचलेल्या बातमीत शंभर शब्दांमागे किती रेघा आल्या. पाच मिनिटांत किती ओळी वाचून झाल्या, आणि लगेच बातमी थोडक्यात सांगता आली का. तिसरी, चार मिनिटांच्या नव्या मुद्रणात कोणती रूपं पहिल्यांदाच आली. रोज मोजू नये. रोजचा चढउतार थकवा, झोप आणि बातमीच्या अवघडपणावरच जास्त अवलंबून असतो. बारा आठवड्यांत रेघा कमी झाल्या नाहीत, तर मजकूर बहुधा आवाक्याबाहेरचा निवडला आहे. रेघा कमी झाल्या पण वेग तोच राहिला, तर शब्दकोशात डोकावण्याची सवय मोडायला हवी. दोन्ही सुधारलं आणि मुद्रण तसंच राहिलं, तर सहा तासांतले दोन तास वाचनातून काढून बोलण्याला द्यायला हवेत.

रेघा दोनपर्यंत खाली आल्या, की विषय बदलायची वेळ आली. तिथेच रमणं सुखाचं असतं, पण वादळाच्या बातम्यांतून नवं मिळेनासं झालेलं असतं. नवा विषय जुन्याला लागून असलेला घ्यावा. वादळानंतर विमा आणि पुनर्बांधणी, किंवा हवामान आणि शेती. अंतराळ किंवा क्रिकेटवर उडी मारू नये. पहिल्या आठवड्यात रेघा पुन्हा वाढतील. पण हिगाई, साईगाई, तेइदेन इथेही येतील, ‘गाई’ आणि ‘तेइ’ नव्या जोड्यांत भेटतील, आणि दुसऱ्या विषयात रेघा खाली यायला बहुधा पहिल्याइतका वेळ लागत नाही. तिसऱ्या विषयाला आणखी कमी. एन-थ्रीचा अर्ज भरायचा की नाही हे ठरवायला दुसऱ्या विषयाच्या सहाव्या आठवड्यातली नोंद पुरेशी आहे.